फुलेरा नकाशावर शोधू नका: मालिकेचे चित्रीकरणस्थळ ओळखण्याची पद्धत

कोल्हापुरात प्रश्नमंजूषेच्या सरावाला नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिला प्रश्न नेहमी घराजवळचाच विचारतो. 'दख्खनचा राजा जोतिबा' ही मालिका २०२० मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली, तर तिचा मुख्य सेट कुठे होता? जोतिबाचा डोंगर इथल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो, चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या पाहिलेल्या असतात, त्यामुळे बहुतेक जण फारसा विचार न करता 'वाडी रत्नागिरी' असे लिहून मोकळे होतात. उत्तर आहे कोल्हापूर चित्रनगरी. मोरेवाडीच्या माळावर देवळाचा आणि गावाचा सेट उभा करून ती मालिका चित्रित झाली. डोंगर आणि चित्रनगरी एकाच शहराच्या दोन अंगांना आहेत, तरीही एक उत्तर बरोबर आणि दुसरे चूक ठरते.

ही चूक माहिती कमी असल्यामुळे होत नाही. जोतिबा कुठे आहे हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते, पण त्याने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. मालिकेच्या जागेबद्दलचा कोणताही प्रश्न खरे तर तीन प्रश्नांचा बनलेला असतो. गोष्ट कुठे घडते, बाहेरची दृश्ये कुठे टिपली आणि आतली दृश्ये कुठे टिपली, या तिन्हींची उत्तरे एकच असू शकतात, दोन असू शकतात आणि पुष्कळदा तीन असतात. पुढे सांगितलेली पद्धत म्हणजे हे तीन कप्पे वेगळे ठेवण्याची आणि प्रत्येक कप्प्यात पुरावा असेल तेवढेच लिहिण्याची सवय आहे.

पहिली पायरी: प्रश्नाचे क्रियापद वाचा

प्रश्न हाती आला की आधी मालिकेचे नाव बाजूला ठेवून क्रियापद पाहावे. 'मालिका कोणत्या गावात घडते' असे विचारले असेल, तर उत्तर गोष्टीतले असते आणि ते काल्पनिक असले तरी चालते. 'कोणत्या गावात चित्रित झाली' असे विचारले, तर नकाशावरचे खरे गाव हवे. 'सेट कुठे उभारला होता' यात गोष्टीतली जागा आणि सेटची जागा वेगळी आहे याची कबुली प्रश्नकर्त्याने स्वतःच दिलेली असते. 'मालिकेतला वाडा कुठे आहे' हा प्रश्न मात्र दोन्हीकडे वळतो. तो तोंडी विचारला गेला, तर नियमात बसत असल्यास 'प्रत्यक्षातला वाडा का?' असे विचारून घ्यावे. लेखी असल्यास खऱ्या वाड्याचे गाव लिहून कंसात गोष्टीतले गाव द्यावे.

नवी मुले इथे घाई करतात, म्हणून एक उदाहरण देतो. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेची अयोध्या कुठली, या प्रश्नाचे गोष्टीतले उत्तर सर्वांना येते. चित्रीकरण कुठे झाले, याचे उत्तर मात्र गुजरातमधील उंबरगाव आहे. पौराणिक मालिकांचे बहुधा असेच असते. ज्या काळातले नगर दाखवायचे आहे ते आज तसे उरलेले नसते, त्यामुळे खऱ्या जागी जाऊन उपयोग नसतो आणि सेट उभारावाच लागतो. ऐतिहासिक मालिकेत किल्ल्याचा एखादा बुरूज खरा असू शकतो. दरबार जवळजवळ नेहमीच उभारलेला असतो.

दुसरी पायरी: उंबरठा ओलांडून पाहा

आता मालिका पाहायची, पण कथेसाठी नव्हे. मी जिला उंबरठ्याची कसोटी म्हणतो ती इथे सर्वांत उपयोगी पडते. एखादे पात्र रस्त्यावरून चालत येते, दार उघडते आणि आतल्या खोलीत जाते, हे सगळे एकाच अखंड शॉटमध्ये, मध्ये कुठेही दृश्य न तोडता दिसते का, ते शोधायचे. तसे दिसले तर बाहेरची भिंत आणि आतली खोली एकाच बांधकामाचा भाग आहेत, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. शेकडो भागांत ते एकदाही दिसले नाही, प्रत्येक वेळी इमारत बाहेरून दाखवून लगेच आतले दृश्य सुरू झाले, तर बाहेरचे आणि आतले वेगळे असण्याची शक्यता धरून चालावे.

'फ्रेंड्स' हे याचे शिकण्यासारखे उदाहरण आहे. त्या मित्रमंडळींची म्हणून जी इमारत दाखवतात ती न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात खरोखर उभी आहे. घराच्या आतली दृश्ये मात्र कॅलिफोर्नियातील बरबँक येथे वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर टिपली गेली. त्यामुळे 'फ्रेंड्सचे चित्रीकरण प्रामुख्याने कुठे झाले' या प्रश्नाला न्यूयॉर्क हे उत्तर चूक आहे, आणि 'त्यात दिसणारी इमारत कोणत्या शहरात आहे' या प्रश्नाला न्यूयॉर्क हेच उत्तर बरोबर आहे. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांतही हेच चालते. गोष्ट कोल्हापूरची असते, सुरुवातीला रंकाळा, भवानी मंडप आणि अंबाबाईच्या देवळाची शिखरे वरून दाखवतात, आणि मग ज्या दिवाणखान्यात पुढचे शंभर भाग घडतात तो मुंबई-ठाण्याकडच्या एखाद्या स्टुडिओच्या फ्लोअरवर असू शकतो. ओळख करून देणारी ती दृश्ये दोन दिवसांत टिपून वर्षभर वापरता येतात. तेव्हा रंकाळा दिसला एवढ्यावरून मालिका कोल्हापुरात चित्रित झाली असे लिहू नये.

उंबरठ्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे छत. फ्लोअरवर बांधलेल्या खोलीला बहुधा छत नसते, कारण दिवे वरून लावायचे असतात. म्हणून कॅमेरा खालून वर पाहत नाही, आणि पाहिलेच तर थोडकेच पाहतो. दुसरी म्हणजे चौथी भिंत. एखाद्या घरातल्या दहा-बारा दृश्यांत तीनच भिंती दिसत असतील आणि ज्या बाजूला कॅमेरा उभा आहे ती बाजू कधीच दिसत नसेल, तर तिथे भिंत नसण्याची शक्यता मोठी असते. खिडकीबाहेरचा देखावा सकाळ, दुपार आणि पावसात तसाच राहत असेल, तर तो पडदा आहे.

या खुणांना मर्यादा आहेत. चित्रनगरीसारख्या ठिकाणी उघड्यावर उभारलेल्या सेटला खरे आकाश, खरे ऊन आणि खरा पाऊस मिळतो, त्यामुळे उजेड पाहून काहीच ठरत नाही. तिथे क्षितिज पाहावे. उघड्यावरच्या सेटचा रस्ता एका ठराविक वळणापुढे कधीच जात नाही, कारण तिथे सेट संपतो. गल्लीतली घरे समोरूनच दिसतात, त्यांच्या मागच्या बाजू दिसत नाहीत. विजेच्या तारा, गटार, नळाला लावलेली घागर, भिंतीवरच्या जुन्या जाहिराती, वाटेत बसलेले कुत्रे ही खऱ्या गावाची अडगळ सेटवर कोणी मुद्दाम आणून ठेवली तरच येते, आणि ती नेहमी जिथल्या तिथे राहते. बाबूराव पेंटरांनी रंगवलेल्या पडद्यांच्या जागी भरीव, राहत्या घरासारखे सेट उभे केले ते याच शहरात. चांगला कला दिग्दर्शक डोळ्याला फसवू शकतो हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. म्हणून डोळ्यांनी ठरवलेले उत्तर पेन्सिलीनेच लिहावे.

यात एक मधला प्रकारही आहे. मढ बेटावरचे किंवा घोडबंदर रस्त्यावरचे बंगले मालिकांसाठी भाड्याने दिले जातात. ते खरे बंगले असतात, त्यांना छत असते, चारही भिंती असतात आणि उंबरठ्याची कसोटीही ते पार करतात. गोष्टीतल्या गावाशी मात्र त्यांचा काहीच संबंध नसतो. स्टुडिओ नाही म्हणजे गोष्टीतलीच जागा आहे, असा निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी: गावाच्या नावावर विश्वास ठेवू नका

काल्पनिक गाव ओळखण्यासाठी नवखे लोक नकाशात नाव टाकून पाहतात. नाव सापडले तर गाव खरे, नाही सापडले तर खोटे, असा त्यांचा समज असतो, आणि नेमका इथेच 'पंचायत' मालिकेचा प्रश्न चुकतो. ही मालिका मी सरावात पूर्ण सोडवून घेतो.

२०२० मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या 'पंचायत'मध्ये अभिषेक त्रिपाठी नावाचा तरुण उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावात ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून रुजू होतो. प्रश्न असा येतो: 'पंचायत या मालिकेचे चित्रीकरण प्रामुख्याने कोणत्या जिल्ह्यात झाले?' इथे तीन उत्तरे समोर उभी राहतात. पहिले बलिया, कारण मालिकेत तसे सांगितले आहे. दुसरे जयपूर, कारण नकाशात फुलेरा टाकले की राजस्थानातल्या जयपूर जिल्ह्यातले फुलेरा हे रेल्वे जंक्शन समोर येते. तिसरे सीहोर, कारण ही मालिका मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात चित्रित झाली.

यातले राजस्थानचे उत्तर सर्वांत धोक्याचे आहे, कारण ते शोधून काढलेले असते आणि शोधून काढलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास चटकन बसतो. पण नकाशावर नाव सापडणे म्हणजे फक्त नाव सापडणे. लेखक गावाचे नाव कानाला खरे वाटेल असे निवडतो, आणि खरे वाटणारे नाव देशात कुठे ना कुठे असणारच. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे हॉकिन्स हे इंडियाना राज्यातले काल्पनिक गाव आहे, तरी हॉकिन्स नावाचे गाव टेक्सासमध्ये खरोखर आहे; चित्रीकरण या दोन्ही राज्यांत नव्हे, तर जॉर्जिया राज्यात झाले. तेव्हा नाव सापडले की लगेच विचारावे: जिल्हा जुळतो का, राज्य जुळते का? फुलेऱ्याचा जिल्हा जुळत नाही, आणि ते उत्तर तिथेच बाद होते.

राहिले बलिया आणि सीहोर. आता मालिकेतल्या खुणा पाहू. गाडीची पाटी पाहण्याचा मोह सर्वांना होतो. बलियाची पाटी 'यूपी ६०' अशी असते, आणि गोष्ट बलियाची असल्यावर प्रॉडक्शनची माणसे तशी पाटी लावणारच. पाटी, दुकानावरचा फलक, शाळेवरचे नाव, ग्रामपंचायतीवरचा जिल्ह्याचा उल्लेख या चार गोष्टी रंगाच्या डब्याने एका सकाळीत बदलता येतात, म्हणून त्यांना पुरावा मानू नये. त्यावरून गोष्ट कुठे घडते एवढेच कळते. उलट, गोष्टीशी विसंगत पाटी चुकून राहिलेली दिसली, तर ती मोलाची खूण असते, कारण ती कोणी मुद्दाम लावलेली नसते.

जे बदलता येत नाही ते पाहावे. माती बदलता येत नाही. बलिया गंगेच्या खोऱ्यात आहे, जमीन सपाट आणि नदीने आणलेल्या गाळाची आहे. सीहोर माळव्याच्या पठारावर आहे आणि तिथे काळी माती आहे. आपल्याकडे शिरोळची काळी रानं आणि आंबा घाटाकडची तांबडी माती यांतला फरक जसा लहान मुलालाही कळतो, तसाच हा फरक आहे. शेतातून चालण्याचे, बांधावर बसण्याचे, पावसानंतर चिखलाचे दृश्य शोधावे आणि माती कशी आहे ते पाहावे. झाडे, दूरचा चढ-उतार, जुन्या घरांची छपरे हीही अशीच न हलणारी साक्ष असते. माती पाहून 'महोडिया' हे नाव कळणार नाही. एखादी जागा नाकारायला ती उपयोगी पडते, नेमकी जागा सांगायला पडत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवली नाही, तर माणूस काळी माती पाहून विदर्भापासून गुजरातपर्यंत कुठलेही नाव घेऊ शकतो.

नाव कागदावरून मिळवावे लागते.

चौथी पायरी: श्रेयनामावली थांबवून वाचा

भाग संपल्यावर जी नावे वर सरकतात ती नवे लोक पाहतच नाहीत. ती थांबवून वाचावीत. सर्वांत शेवटी आभाराचा भाग असतो. तिथे जिल्हा प्रशासन, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत, एखाद्या राज्याचे पर्यटन किंवा चित्रपट विभाग, कधी 'अमुक गावचे समस्त ग्रामस्थ' अशी नोंद येते. परवानगी ज्यांनी दिली त्यांचेच आभार मानले जातात, आणि परवानगी चित्रीकरणाच्या खऱ्या जागेचीच लागते. गोष्टीतल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे आभार मानण्याचे कोणाला कारण नसते. त्याखालोखाल लाइन प्रोड्युसर आणि स्थानिक चमूची नावे पाहावीत. परदेशी मालिकेत प्रत्येक देशाचा चमू वेगळा लिहिलेला असतो, त्यामुळे चित्रीकरण किती देशांत झाले हे तिथेच कळते. आतल्या दृश्यांसाठी स्टुडिओचे नाव असते.

श्रेयनामावलीनंतर चित्रीकरण चालू असतानाच्या स्थानिक बातम्या पाहाव्यात, आणि इथे बातमीची तारीख महत्त्वाची असते. मालिका गाजल्यावर 'ही आहे ती जागा' असे सांगणारे लेख आणि व्हिडिओ ढिगाने येतात, आणि त्यांतले पुष्कळसे एकमेकांची नक्कल करतात. दहा ठिकाणी एकच वाक्य त्याच चुकीच्या शुद्धलेखनासह दिसले, तर तो दहा जणांचा पुरावा नसून एकाचाच आहे. चित्रीकरण चालू असतानाची बातमी वेगळी असते: रस्ता बंद होता, गावाने जागा दिली, कलाकारांना पाहायला गर्दी झाली, त्या गर्दीचा गावाला त्रास झाला. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कोल्हापूरजवळच्या वसगडे गावाचे नाव इथल्या लोकांच्या तोंडी आले ते अशाच बातम्यांमुळे. वाडा पाहायला येणाऱ्यांची गावात रीघ लागली होती, आणि न झालेल्या चित्रीकरणासाठी कोणी वाट वाकडी करत नाही.

हॉटेल, रिसॉर्ट आणि सहल काढणारे यांच्या दाव्यांना मी सर्वांत खालचे स्थान देतो. त्यात सगळेच खोटे असते असे नाही. पण 'येथे चित्रीकरण झाले' या वाक्याने त्यांना गिऱ्हाईक मिळते, आणि एका दृश्यासाठी अर्धा दिवस वापरलेली जागाही त्यांच्या फलकावर मालिकेचे मुख्य ठिकाण बनते. प्रश्नात 'प्रामुख्याने' हा शब्द असेल, तर हा फरक उत्तर बदलून टाकतो.

पाचवी पायरी: दोन अचल गोष्टी नकाशावर जुळवा

नाव मिळाल्यावर ते पडताळावे. मालिकेतल्या एकाच दृश्यात दिसणाऱ्या दोन अचल वस्तू निवडाव्यात. देवळाचे शिखर आणि पाण्याची टाकी, शाळा आणि तळे, नदीचे वळण आणि पूल अशी जोडी चालते. उपग्रह नकाशावर त्या गावात या दोन्ही आहेत का आणि त्यांच्यातली दिशा जुळते का, हे पाहावे. दिशेसाठी सावली मदत करते. आपल्या भागात वर्षातला बहुतेक काळ भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. दृश्य दुपारचे आहे असे वाटले, तर सावलीवरून उत्तर कुठे ते अंदाजाने कळते, आणि मग टाकी देवळाच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला हे सांगता येते. एकच वस्तू जुळणे पुरेसे नसते, कारण पाण्याची टाकी आता प्रत्येक गावात आहे. दोन वस्तू आणि त्यांच्यातली दिशा हे तिन्ही जुळले, तर पेन्सिलीचे उत्तर शाईने लिहायला हरकत नाही.

ही पायरी गावांसाठी चांगली चालते. ज्या मालिकेत संगणकाने देखावा चढवलेला असतो तिथे ती अपुरी पडते, आणि मग चौथ्या पायरीवरच अवलंबून राहावे लागते. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले किंग्ज लँडिंग हे राजधानीचे शहर याचे मोठे उदाहरण आहे, आणि परदेशी मालिकांवरच्या प्रश्नात ते वरचेवर येते. पहिल्या पर्वात या शहराची दृश्ये माल्टा देशात टिपली. दुसऱ्या पर्वापासून क्रोएशियातील दुब्रोवनिक हे तटबंदीचे शहर वापरले. सिंहासनाचा दरबार या दोन्ही ठिकाणी नव्हता. तो उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या स्टुडिओत उभारलेला होता. शेवटच्या पर्वात शहर जळताना दाखवायचे होते आणि खऱ्या जुन्या शहरात ते करता येणार नव्हते, तेव्हा बेलफास्टमध्येच उघड्यावर गल्ल्यांचा सेट बांधला. दुब्रोवनिकच्या तटावर दिसणारा राजवाड्याचा मोठा भाग तर संगणकाने चढवलेला आहे. तो शोधत तिथे गेलेल्याला तो सापडत नाही. एका काल्पनिक शहराची ही चार वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. अशा मालिकेच्या प्रश्नात पर्वाचा उल्लेख आहे का आणि दृश्य आतले आहे की बाहेरचे, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या की उत्तर निवडता येते.

गोष्ट खऱ्या शहराची आणि चित्रीकरण दुसऱ्या खऱ्या शहरात, हा प्रकारही असाच हाताळावा. २०१९ च्या 'चेर्नोबिल' मालिकेतली दुर्घटना युक्रेनमधली आहे, पण अणुभट्टीची पुष्कळ दृश्ये लिथुआनियातील इग्नालिना येथे टिपली गेली. तिथला प्रकल्प चेर्नोबिलच्याच जातीच्या अणुभट्ट्यांचा होता आणि २००९ मध्ये बंद झाला होता. चित्रीकरणासाठी दुसरी जागा निवडण्यामागे असे ठोस कारण बहुधा असते, आणि ते कारण कळले की उत्तर डोक्यातून जात नाही. म्हणून वहीत जागेच्या शेजारी कारणही लिहून ठेवावे.

वेळ कमी असेल तेव्हा

प्रत्यक्ष स्पर्धेत श्रेयनामावली पाहायला मिळत नाही. तीस सेकंदांत अंदाजच करायचा असेल, तर मी असा क्रम लावतो. मालिका पौराणिक असेल, तर आधी स्टुडिओ किंवा चित्रनगरी आठवावी आणि गोष्टीतले तीर्थक्षेत्र शेवटी. एकाच सोसायटीच्या अंगणात वर्षानुवर्षे चालणारी मालिका असेल, तर सेटच धरावा. 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मधली गोकुलधाम सोसायटी गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेली आहे, ती गोरेगावात भाड्याने मिळणारी सोसायटी नव्हे. गावाचे नाव कधी ऐकलेले नसेल आणि मालिका वेबवरची असेल, तर गोष्टीतले राज्य सोडून शेजारच्या राज्याचा विचार करावा. आणि गाव काल्पनिक असूनही सगळी मालिका गावाच्या रस्त्यांवर, घरांत आणि नदीकाठी मोकळेपणाने फिरत असेल, तर तिथे खरे गाव वापरलेले असण्याची शक्यता अधिक. दूरदर्शनवरचे मालगुडी हे आर. के. नारायण यांनी कल्पिलेले गाव शंकर नाग यांनी कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे या खऱ्या गावात उभे केले. त्यात दिसणारे रेल्वे स्थानक मात्र आगुंब्याचे नव्हे, कारण आगुंब्याला रेल्वे जात नाही. ते त्याच जिल्ह्यातले अरसाळू आहे. 'मालगुडी कुठे चित्रित झाले' आणि 'मालगुडी स्थानक कुठले' या दोन प्रश्नांची उत्तरे म्हणून वेगळी आहेत, आणि गाव कळले म्हणजे स्थानकही कळले असे धरून चालणारे दुसऱ्या प्रश्नावर अडतात.

उत्तर कसे लिहावे

नाव बरोबर असूनही गुण जातात ते अपुऱ्या पत्त्यामुळे. वहीत प्रत्येक मालिकेसाठी चार रकाने आखावेत: गोष्टीतले ठिकाण, बाहेरची दृश्ये, आतली दृश्ये, आणि हे कशावरून कळले. ज्या रकान्यात पुरावा नाही तो मोकळा ठेवावा. शेजारच्या रकान्यातले नाव ओढून तिथे भरू नये. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा नेहमी लिहावा, कारण एका नावाची गावे आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'रात्रीस खेळ चाले'साठी नुसते 'कोकण' लिहिणाऱ्याला काही परीक्षक गुण देतात, काही देत नाहीत; 'आकेरी, जिल्हा सिंधुदुर्ग' लिहिल्यावर वादाला जागा उरत नाही. वसगड्याच्या बाबतीत तर तालुका लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होतच नाही. कोल्हापूरजवळ एक वसगडे आहे आणि सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात दुसरे. सरावात एकदा एका मुलीने घाईने दुसऱ्या वसगड्यावर बोट ठेवले, नंतर स्वतःच नकाशा उघडून दोन्ही गावे शोधली आणि वहीत लिहिले: वसगडे, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर.